टर्नर सिंड्रोममधील ठेंगणेपण आणि वाढीचे उपचार

मुलींच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यांतले एक पूर्ण किंवा अंशतः नसेल तर त्या अवस्थेला टर्नर सिंड्रोम म्हणतात. अमेरिकन डॉक्टर हेन्री टर्नर यांनी १९३८ साली त्याचे वर्णन केले. त्यामागे गुणसूत्राचा दोष आहे हे मात्र १९५९ मध्ये कळले. जिवंत जन्मणाऱ्या साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला तो असतो. हृदय, मूत्रपिंड, कान आणि बीजकोश यांवरही त्याचा परिणाम होतो. या नोंदीत मुख्यतः उंचीचा विचार केला आहे, कारण बहुतेक घरांत पहिली शंका उंचीवरूनच येते.

ती शंका यायला मात्र उशीर होतो. मुलगी बुटकी असली की ‘आईवर गेली’ असे म्हणून विषय मिटतो. कोणी दाराच्या चौकटीला लटकायला लावते, कोणी टॉनिक आणते. मुलगी वयात येईल तेव्हा झपाट्याने वाढेल अशी आशा असते, पण टर्नरमध्ये नेमकी ही झपाट्याची वाढच बहुधा होत नाही. त्यामुळे वाट पाहण्यात जाणारी वर्षे हीच उपचाराची वर्षे असतात.

एक गुणसूत्र नसल्याने उंची का कमी होते, यात एक कोडे आहे. सर्व मुलींच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भावस्थेतच बहुतांशी बंद पडते. मग एकच एक्स असले तर बिघडते कुठे? उत्तर ‘बहुतांशी’ या शब्दात आहे. एक्सच्या आखूड भुजेच्या अगदी टोकाला एक छोटा पट्टा आहे. तिथली जनुके बंद पडणाऱ्या एक्सवरही चालू राहतात. वाय गुणसूत्राच्या टोकाला तसाच पट्टा असतो, म्हणून त्या जनुकांच्या दोन प्रती मुलग्यांतही असतात आणि मुलींतही. १९९७ मध्ये ओळखले गेलेले शॉक्स हे जनुक याच पट्ट्यात आहे. एक एक्स नसलेल्या मुलीकडे शॉक्सची एकच प्रत उरते आणि हाडांना ती पुरत नाही.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते, तिला वाढपट्टी म्हणू. तिथल्या पेशी आधी विभागतात, मग फुगतात आणि शेवटी त्यांची जागा हाड घेते. शॉक्स या फुगण्याच्या आणि मरण्याच्या टप्प्याचे नियंत्रण करते. त्याची मात्रा निम्मी झाली की पट्टीतली शिस्त बिघडते आणि हाड हळू लांबते. गर्भात हे जनुक विशेषतः कोपर, मनगट व गुडघ्याच्या आसपास आणि जबडा-टाळू जिथून घडतात तिथे सक्रिय असते. हात सरळ सोडल्यावर कोपरातून बाहेर वळणे, उंच कमानदार टाळू, लहान हनुवटी या खुणांचा संबंध तिथे लागतो. उंची आणि कोपर एकाच जनुकाशी जोडलेले असतात, हे पहिल्यांदा कळते तेव्हा या आजाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

याचा पडताळा इतर आजारांत मिळतो. फक्त शॉक्स गमावलेल्या व्यक्ती बुटक्या राहतात, पण त्यांचे बीजकोश चालतात. उलट तीन एक्स असलेल्या मुली, किंवा दोन एक्स व एक वाय असलेले मुलगे, सरासरीपेक्षा उंच होतात. अर्थात सगळा दोष शॉक्सचा नाही. इतर जनुकांचा तुटवडा आणि बीजकोश निकामी झाल्याने यौवनातली उसळी न येणे, यांचाही हातभार असतो. उपचार नसेल तर प्रौढ उंची आईवडिलांवरून अपेक्षित असलेल्या उंचीपेक्षा सरासरी २० सेंमीने कमी राहते.

निदान रक्ताच्या कॅरिओटाइप तपासणीने होते. पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवतात, विभागणीच्या क्षणी थांबवतात आणि रंगवून गुणसूत्रे मोजतात. अहवालात 45,X असे असेल तर सर्व मोजलेल्या पेशींत एकच एक्स आहे. 45,X/46,XX म्हणजे दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण. अशा मुलींत लक्षणे सौम्य असू शकतात, पण अहवालावरून उंची सांगता येत नाही. मिश्रण थोडे असेल तर निसटू नये म्हणून किमान ३० पेशी मोजाव्या लागतात. वाय गुणसूत्राचा अंश आढळला तर बीजकोशात गाठ होण्याचा धोका असतो, तो स्वतंत्र विषय आहे.

उपचार समजण्यासाठी एक रचलेले उदाहरण घेऊ. लालबागची नऊ वर्षांची मुलगी, चौथीत. शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची ११२ सेंमी, वजन २० किलो आले. गेल्या वर्षी चाळीच्या दारावर काढलेल्या पेन्सिलीच्या रेघेच्या वर ती फक्त ४ सेंमी गेली. (दारावरची रेघ ढोबळ खरी, पण मुलगी चपला काढून उभी होती की नाही, तेवढे विचारून घ्यावे.) वडील १६६ सेंमी आणि आई १५३ सेंमी. दोघांची बेरीज करून १३ वजा केले आणि निम्मे केले, की मुलीची अपेक्षित उंची येते १५३. टर्नरचे २० वजा केले तर उपचाराविना अंदाज १३३.

उपचार वाढ-संप्रेरकाचा, म्हणजे ग्रोथ हार्मोनचा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. या मुलींत ते संप्रेरक सहसा कमी नसते, म्हणून ‘हार्मोन नॉर्मल आहे, इंजेक्शनची गरज नाही’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. त्याची चाचणीसुद्धा बहुतेकांना लागत नाही. शॉक्सची उणीव इंजेक्शनने भरून निघत नाही. आयजीएफ-१ हे हाडांना वाढायला लावणारे रक्तातले द्रव्य वाढवून वाढपट्टीला वरून जास्त जोर दिला जातो, एवढेच. म्हणून मात्राही संप्रेरकाच्या कमतरतेतल्यापेक्षा अधिक असते. ती रोज किलोमागे साधारण ०.०४५ ते ०.०५ मिलिग्रॅम धरतात.

आपल्या मुलीला २० × ०.०५ म्हणजे १ मिलिग्रॅम. पण इंजेक्शनच्या पेनवर किंवा शिशीवर बऱ्याचदा युनिट लिहिलेले असतात, आणि १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. चिठ्ठीवरचा ‘१’ हा युनिटचा समजून कोणी पेन १ वर फिरवले, तर रोज एक तृतीयांशच औषध जाते. अशी चूक दुखत नाही, दिसत नाही. सहा महिन्यांनी उंची जेमतेम २ सेंमी वाढलेली आढळते आणि आयजीएफ-१ हलत नाही, तेव्हाच ती उघडकीस येते. म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि युनिट दोन्ही लिहून घ्यावेत. मुलगी २५ किलोची झाली की मात्रा १.२५ मिलिग्रॅम, म्हणजे पावणेचार युनिट होते. ती वेळोवेळी वाढवायची राहून गेली, तर पहिल्या वर्षी छान वाढलेली मुलगी दुसऱ्या वर्षी रखडते. औषधाचा खर्च वजनाबरोबर वाढतो, ही मात्र पालकांची खरी अडचण आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात टर्नरसाठीच्या ग्रोथ हार्मोनचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणाखालील केंद्रांपैकी एक आहे.

इंजेक्शन रोज रात्री त्वचेखाली, कारण शरीराचे स्वतःचे संप्रेरकही रात्रीच जास्त सुटते. आज उजवी मांडी, उद्या डावी, मग पोट, अशी जागा बदलावी लागते. एकाच ठिकाणी टोचत राहिल्यास तिथली चरबी खड्ड्यासारखी बसते. औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याला चिकटून राहिले आणि गोठले, तर ते वाया गेले.

सुरुवात करण्यापूर्वी हृदयाची इको तपासणी आणि थायरॉइड तपासतात. त्यानंतर दर तीन ते सहा महिन्यांनी उंची, वर्षातून एकदा तरी आयजीएफ-१, तसेच साखर व थायरॉइडची तपासणी. उलटीसह सतत डोकेदुखी किंवा धूसर दिसू लागले, तर डोक्यातला दाब वाढल्याची शंका घेतात. मुलगी लंगडू लागली किंवा मांडी-गुडघा दुखू लागला, तर खुब्याचे हाड सरकल्याची. दोन्ही दुर्मीळ आहेत, पण इंजेक्शन थांबवून लगेच दाखवावे. पाठ वाकडी होत नाही ना, हेही पाहतात.

उपचार चांगला चालला असे कशावरून म्हणायचे? वर्षाला ४ सेंमी वाढणारी मुलगी पहिल्या वर्षी ७ सेंमीच्या आसपास वाढली तर. पुढे वेग हळूहळू उतरतो. आपल्या मुलीची वाढ क्रमाने ७, ५.५, ५, ४.५, ३.५ आणि २ सेंमी धरली, तर सहा वर्षांत ती ११२ वरून १३९.५ ला पोचते, म्हणजे उपचाराविना धरलेल्या १३३ पेक्षा साडेसहा सेंमी जास्त. कॅनडातील ज्या नियंत्रित चाचणीचा अहवाल २००५ मध्ये आला, तिच्यातही उपचार घेतलेल्या मुली न घेतलेल्यांपेक्षा सरासरी ७ सेंमीच उंच झाल्या. फायदा निश्चित आहे, पण मर्यादितही. चार-सहा वर्षांच्या वयात सुरुवात झाली असती, तर हातात वर्षे अधिक असती.

अकरा-बारा वर्षांच्या आसपास दुसरा निर्णय येतो. स्त्री-संप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन, यौवन सुरू करते आणि वाढपट्टीही बंद करते. पूर्वी उंचीच्या लोभाने ते पंधरा वर्षांपर्यंत लांबवीत. मैत्रिणी वयात आल्या तरी ही मुलगी लहान दिसत राही, शिवाय हाडे ठिसूळ होत. आता बीजकोश चालत नसल्याचे रक्ततपासणीत दिसले, तर साधारण ११ ते १२ व्या वर्षी, मोठ्या बाईच्या मात्रेच्या दहाव्या-आठव्या हिश्श्यापासून सुरुवात करतात. इतकी कमी मात्रा हाडांना लांबू देते आणि यौवनही पुढे नेते. दोन-तीन वर्षांत ती हळूहळू पूर्ण मात्रेवर आणतात. त्वचेवर चिकटवायची इस्ट्रोजेनची पट्टी यासाठी सोयीची असते, पण मुंबईच्या घामात ती निसटते, तेव्हा गोळीचा पर्याय ठेवावा लागतो. साधारण दोन वर्षांनी किंवा रक्तस्राव दिसल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरे स्त्री-संप्रेरक जोडतात. स्वतःहून पाळी येणाऱ्या काही मुली असतात, त्यांना इस्ट्रोजेनची घाई नसते.

ग्रोथ हार्मोन कधी थांबवायचे, हे डाव्या हाताच्या एक्स-रेवरून ठरते. हाडांचे वय १४ च्या जवळ आले किंवा वर्षाची वाढ २ सेंमीखाली गेली, की आणखी इंजेक्शनांनी उंची मिळत नाही. आपल्या मुलीची शेवटची नोंद १४० सेंमीच्या जवळ जाईल. पेन बंद होईल, इस्ट्रोजेन मात्र पुढे अनेक वर्षे चालू राहील, आणि हृदयाची इको तपासणी ठरलेल्या अंतराने होतच राहील.