रोजचे स्क्वॉट (कमी वजनावरचे)

रोजचे स्क्वॉट म्हणजे आठवड्यातले पाच-सहा दिवस रॉड पाठीवर घेऊन बसायचं, पण कुठल्याच दिवशी फेल जाईपर्यंत नाही. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबवायचा की अजून निदान चार-पाच रेप आरामात निघाले असते. आपल्याकडं जिममध्ये हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "रोज पाय मारल्यावर चालशील का बाबा?" तो प्रश्न चुकीचा नाही, कारण बहुतेकांनी लेग डे म्हणजे दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही एवढंच बघितलंय. इथं तसा दिवस येऊच द्यायचा नसतो.

याची बल्गेरियन पद्धतीशी गल्लत होते, ती आधी सोडवू. इव्हान अबाजिएव्ह या कोचच्या बल्गेरियन वेटलिफ्टिंग टीमनं 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये तीन गोल्ड घेतले आणि तिथून "रोज मॅक्स मारा" ही गोष्ट जगभर गेली. पण ती पोरं फुलटाइम खेळाडू होती, खाणं-झोप-मसाज सगळं सरकारी, आणि 1988 च्या सोलला डोपिंगमध्ये दोघं सापडल्यावर अख्खी टीम माघारी गेली हेही त्याच गोष्टीचा भाग आहे. आपण बोलतोय ते त्याच्या जवळपास उलटं आहे. आपल्या तालमीतला पैलवान रोज बैठका काढतो ना, त्या अंगानं बघितलं तर लवकर कळतं. काम रोजचं असतं, सवयीचं असतं, आणि दम राखून केलेलं असतं.

आता मुद्द्याचं. रोज करायचं म्हणजे जास्त करायचं नाही, आठवड्याला जेवढं करत होता तेवढंच सहा दिवसांत वाटायचं. नव्यानं सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेक लोक नेमके इथंच घसरतात, ते जुना लेग डे तसाच ठेवतात आणि वर रोजचं चढवतात, मग दहाव्या दिवशी गुडघा धरून बसतात.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. समजा परभणीतला एक जण, दोन वर्षं जिम झालीय, पूर्ण खाली बसून त्याचा एक रेपचा मॅक्स 120 किलो. आधी तो आठवड्यातून दोनदा 95 किलोवर पाच-पाचचे पाच सेट मारायचा, म्हणजे 50 रेप, एकूण उचललेलं वजन 4750 किलो. शेवटच्या दोन सेटला कंबर गोल व्हायची, टाचा उचलायच्या, आणि दोन दिवस मांड्या भरून राहायच्या. त्याचा नवीन आठवडा असा. सोमवारी 85 किलोवर तीन-तीनचे पाच सेट. मंगळवारी 75 वर तीनचे तीन. बुधवारी 95 वर दोन-दोनचे पाच. गुरुवारी फक्त 60 किलो, तीनचे तीन सेट, पण खाली दोन सेकंद थांबून. शुक्रवारी 85 वर तीनचे चार. शनिवारी 100 किलोचे तीन सिंगल, प्रत्येकामध्ये तीन-चार मिनिटं आराम. रविवार सुट्टी. बेरीज करून बघा, 58 रेप आणि 4760 किलो. म्हणजे वजन तेवढंच उचललं, पण एकही रेप घाण गेला नाही, आणि आठवड्यातून दोनदा शिकण्याऐवजी सहादा शिकला.

फायदा आहे तो इथंच आहे, यापेक्षा मोठा दावा करू नये. एकूण काम सारखं ठेवलं तर नुसतं दिवस वाढवल्यानं ताकद किंवा साइज फार वेगळी वाढत नाही, असंच आतापर्यंतचा अभ्यास बघून दिसतं. मिळतं ते एवढं की प्रत्येक रेप ताज्या अंगानं होतो, फॉर्म बसतो, आणि रोजचं काम अर्ध्या-पाऊण तासात आटपतं. सकाळी दुकान उघडायचंय, शेतावर जायचंय, त्याला दीड तासाच्या लेग डेपेक्षा हे झेपतं.

आणि रोज झेपतं कसं, तर थकवा वजनापेक्षा जास्त अवलंबून असतो तुम्ही फेल होण्याच्या किती जवळ गेलात त्यावर. शेवटचे दोन रडत काढलेले रेप जेवढं खातात तेवढं आधीचे सहा खात नाहीत. ते दोन सोडून दिले की चोवीस तासांत अंग बऱ्यापैकी पूर्ववत होतं. सुरुवातीचे दहा-बारा दिवस मांड्या दुखतील, तेच काम परत परत मिळालं की स्नायू त्याला सरावतात आणि दुखणं आपोआप उतरतं. तेवढे दिवस वर दिलेल्यातले निम्मेच सेट करावेत.

थकवा ओळखायचा कसा हा खरा कळीचा भाग आहे, आणि इथं सकाळी उठल्यावर काय वाटतंय त्यावर जाऊ नका. अंथरुणातून उठताना सगळ्यांनाच अंग जड वाटतं, वॉर्मअपनंतर निम्म्या वेळा ते निघून जातं. त्यापेक्षा एक ठरलेलं वजन रोज तपासा. या उदाहरणात ते 75 किलो. गुरुवारीसुद्धा वॉर्मअपमध्ये त्याचा एक रेप घ्यायचा, मोबाईल बाजूला ठेवून व्हिडिओ काढायचा, आणि खालून वर यायला किती वेळ लागतो ते रोजच्या व्हिडिओशी ताडून बघायचं. रॉड नेहमीसारखा उडाला तर ठरलेलं काम करा. डोळ्याला मंद दिसला, किंवा वर येताना गुडघे आत पडले, तर त्या दिवशी वजन तेच ठेवून सेट निम्मे. लागोपाठ दुसऱ्या दिवशीही मंद तर फक्त 60 किलोचं गुरुवारवालं काम. तिसऱ्या दिवशीही तसंच असेल तर जिमच्या बाहेर काहीतरी बिघडलंय, झोप, जेवण, ताप, कामाचा ताण, त्यामुळं दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्या आणि ते शोधा. दर चौथ्या आठवड्याला, सगळं छान चाललेलं असलं तरी, वजन तेच ठेवून सेट निम्मे करायचे. हा आठवडा लोक टाळतात कारण अंगात जोर असतो, पण तो जोर पुढच्या तीन आठवड्यांसाठीच साठवायचा असतो.

स्नायूंचा थकवा रॉडच्या वेगात दिसतो, सांध्यांचा दिसत नाही, म्हणून तो वेगळा बघावा लागतो. स्नायू लवकर तयार होतात, त्यांच्या शिरा म्हणजे टेंडन मागून येतात. गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवल्यावर एका ठिकाणी दुखतं, वॉर्मअपमध्ये कमी होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखतं, हे त्याचं ठळक लक्षण. निकाल दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा धरायचा, सेट मारतानाचा नाही. तसं दिसलं तर दिवस सहाचे तीन करा आणि खाली जाताना चार सेकंद घ्या. सूज, गुडघा अडकणं, पायात मुंग्या किंवा कंबरेतून पायात कळ जात असेल तर बंद करून डॉक्टरकडं जायचं. अजून एक, रॉड पाठीवर खूप खाली धरणाऱ्यांचे कोपर आणि खांदे रोजच्या कामानं आधी बोलायला लागतात, त्यांनी आठवड्यातले निदान चार दिवस रॉड वर, मानेच्या खालच्या मांसावर ठेवावा. डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच, तेही कमी सेटचं, नाहीतर कंबरेला सुट्टीच मिळत नाही.

मराठवाड्यात हवामान हाही थकव्याचाच भाग धरावा लागतो. मे महिन्यात पारा 42-43 ला आणि वर पत्र्याचं शेड, दुपारी चार वाजता तिथं 75 किलो मंद येणारच, त्याला कमजोरी समजू नका. सकाळी सहाला करा, पण उठल्या उठल्या नाही, कारण रात्रभरात मणक्याच्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात आणि वाकताना कंबरेवर ताण जास्त येतो, तासभर चालणं-फिरणं होऊ द्या. जिमआधी आणि नंतर वजन करा, एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, तेवढं पाणी आणि मिठाचं ताक दुपारपर्यंत पोटात गेलं पाहिजे. लाईट गेल्यामुळं रात्रभर जागरण झालं असेल तर तो दिवस न तपासताच निम्म्या सेटचा. उपवासाचं पण तसंच, श्रावणी सोमवार धरत असाल तर सोमवार आणि गुरुवारचं काम अदलाबदल करा, सोपं आहे.

कुणाला जमतं? ज्याची एक-दोन वर्षं झालीत, डेप्थ बसलीय, पण मॅक्स अडकलाय, त्याला हे सगळ्यात चांगलं लागू पडतं. जुन्या पैलवानांना आणि कबड्डीवाल्यांनाही, त्यांचे गुडघे-घोटे रोजच्या कामाला सरावलेले असतात. अगदी नवख्याला नाही, त्याला आठवड्यातून तीनदा करून दर वेळी थोडं वजन वाढवता येतं, ते सोडून इकडं यायचं कारणच नाही. 200 किलोच्या पुढं बसणाऱ्यांनी वजनं मॅक्सच्या मानानं अजून उतरवावीत, तेवढं लोखंड मॅक्सच्या 80 टक्क्यांवरही अंगाला महाग पडतं. हर्निया, कंट्रोलमध्ये नसलेला बीपी, जुनं गुडघ्याचं ऑपरेशन, यांनी आधी विचारून घ्यावं.

पोलीस भरतीवाल्या पोरांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण बीड, लातूर, नांदेडला हे विचारणारे तेच जास्त. 1600 मीटरची तयारी म्हणजे पायांचं रोजचं काम आधीच चालू आहे. त्यांनी सहा दिवस करू नये. स्प्रिंट आणि गोळाफेकीच्या दिवशी, धावून झाल्यावर, मॅक्सच्या 70 टक्क्यांवर तीनचे तीन सेट, आठवड्यातून तीनदा, बस. लांब पळण्याच्या दिवशी रॉडला हात नको. ग्राऊंडच्या आधीचे दहा दिवस स्क्वॉट फक्त रिकाम्या रॉडवर. ऊसतोडीला किंवा सोयाबीन काढणीला जाणाऱ्यानं त्या दिवसांत तीनच दिवस ठेवावेत, दिवसभर वाकलेली कंबर संध्याकाळी रॉडखाली घालायची नसते.

वजन वाढवायचं कधी, तर 75 चा रेप सलग दोन आठवडे आधीपेक्षा जलद दिसला की फक्त बुधवार आणि शनिवारला अडीच किलो. आपल्याकडच्या बऱ्याच जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीचची असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून पाचची उडी, ती इथं फार मोठी होते. सव्वा किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या घेऊन बॅगेत ठेवा, नाही मिळाल्या तर वजन तेच ठेवून बुधवारी एक सेट वाढवा. मॅक्स तपासायचा तो आठव्या, म्हणजे दुसऱ्या हलक्या आठवड्यानंतर, एकदाच, दोन्ही बाजूंनी स्पॉट देणारी माणसं उभी करून.