बेसलाइनमधला फरक किती वजा करायचा? चहाच्या मळ्यापासून क्लिनिकल ट्रायलपर्यंत अ‍ॅन्कोव्हाची पार्श्वभूमी

छोटी ट्रायल म्हटली की एक दुखणं ठरलेलं असतं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे लोक दोन ग्रुपमध्ये वाटले तरी पंचवीस-पंचवीस जणांत सुरुवातीचे आकडे, म्हणजे बेसलाइन, तंतोतंत जुळत नाहीत. एक ग्रुप मुळातच थोडा बरा निघतो, आणि मग शेवटी दिसलेल्या फरकातला उपचाराचा वाटा किती आणि आधीच असलेल्या फरकाचा किती, हा प्रश्न उरतोच. अ‍ॅन्कोव्हा, म्हणजे अ‍ॅनालिसिस ऑफ कोव्हेरिअन्स, याच प्रश्नासाठी आहे, पण ते दवाखान्यात जन्मलेलं नाही, शेतातून आलंय.

रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथे रोजची डोकेदुखी अशी की शेजारशेजारच्या दोन प्लॉटची जमीनसुद्धा सारखी नसते, त्यामुळे खताचा परिणाम कुठे संपतो आणि जमिनीचा कुठे सुरू होतो ते कळत नाही. रँडमायझेशन आणि ब्लॉक पाडणं हे त्यावरचे त्यांचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. तिसरा उपाय म्हणजे अ‍ॅन्कोव्हा, तो जरा उशिरा छापला गेला, 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स' या पुस्तकाच्या 1932 च्या चौथ्या आवृत्तीत. मूळ पुस्तक 1925 चं, त्यात हा भाग नव्हता. उदाहरण घेतलं सिलोनमधल्या चहाच्या 16 प्लॉटचं, आणि कल्पना साधी होती, की त्याच झुडपांनी प्रयोगाआधी किती पानं दिली ते माहीत असेल तर ती माहिती फेकून का द्यायची?

चहाच का, ते बघण्यासारखं आहे. चहाचं झुडूप वर्षानुवर्षं तेच असतं, त्यामुळे यंदा भरपूर देणारा प्लॉट पुढच्या वर्षीही बहुतेक भरपूरच देतो, म्हणजे आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांचं कोरिलेशन तगडं. दरवर्षी नव्याने पेरायच्या पिकांत मात्र गंमत कमी, कारण वेगळा हंगाम, वेगळी रोपं, आणि नुसतं बेसलाइन मोजायला एक अख्खं वर्ष घालवायचं तर मिळणारा फायदा सहसा त्या खटाटोपाला पुरत नाही. ही अट आजही जशीच्या तशी लागू आहे, बेसलाइन आणि फॉलो-अप यांचं नातं घट्ट असेल तरच अ‍ॅन्कोव्हा खूप काही देतं.

आता मेडिकल बाजू. तिथे बराच काळ दोनच सवयी चालायच्या (आणि खरं सांगायचं तर अजूनही चालतात). एक म्हणजे बेसलाइन विसरा, फक्त शेवटचे आकडे तुलना करा. दुसरी म्हणजे प्रत्येकाच्या शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा करा आणि त्या बदलांची तुलना करा. दुसरी पद्धत वरवर न्याय्य वाटते, 'सुरुवातीचा फरक काढून टाकला की झालं' असं वाटतं, पण ती जरुरीपेक्षा जास्त काढून टाकते.

हे 2001 मध्ये व्हिकर्स आणि ऑल्टमन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका छोट्या लेखात फार छान दाखवलं. उदाहरण खांदेदुखी असलेल्या 52 खेळाडूंच्या अ‍ॅक्युपंक्चर ट्रायलचं. स्कोअर 0 ते 100, जास्त म्हणजे चांगला. सुरुवातीला प्लासिबो ग्रुपची सरासरी 53.9 आणि अ‍ॅक्युपंक्चरची 60.4, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरवाले आधीच 6.5 ने पुढे. शेवटी 62.3 आणि 79.6, फरक 17.3. आता यातून त्या 6.5 चं काय करायचं? पहिली सवय म्हणते काहीच वजा करू नका, उत्तर 17.3. दुसरी म्हणते अख्खे 6.5 वजा करा, उत्तर 10.8. अ‍ॅन्कोव्हा ते डेटालाच विचारतं, की ग्रुपच्या आत बेसलाइन 1 गुणाने जास्त असलेला माणूस फॉलो-अपला सरासरी किती गुणाने जास्त दिसतो? इथे उत्तर आलं 0.71. मग 6.5 गुणिले 0.71 म्हणजे साधारण 4.6 वजा करायचे, आणि उपचाराचा परिणाम निघतो 12.7, 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 4.1 ते 21.3.

हा 0.71 पूर्ण 1 का नाही? कारण सुरुवातीच्या स्कोअरमध्ये त्या दिवसापुरता चढउतारही मिसळलेला असतो. ज्याचा स्कोअर त्या दिवशी फारच वाईट आला तो पुढच्या वेळी उपचार न करताही थोडा सरासरीकडे सरकतो, गॉल्टनने 1886 मध्ये पालक आणि मुलांच्या उंचीत पाहिलेलं रिग्रेशन टू द मीन ते हेच. त्यामुळे या ट्रायलमध्ये मागे असलेला प्लासिबो ग्रुप काही गुण आपोआपच वर आला असता, आणि नुसता बदल मोजला तर त्याला त्याचं फुकटचं श्रेय मिळतं. बेसलाइनचा तोल उलट बाजूला झुकला असता तर तीच पद्धत उपचाराला फुगवून दाखवते.

फायदा फक्त असा तोल सावरण्यापुरता नाही. दोन्ही वेळी पसारा सारखा धरला आणि कोरिलेशन 0.5 असेल, तर बदलाच्या पद्धतीचा व्हेरिअन्स नुसत्या शेवटच्या आकड्यांइतकाच पडतो, म्हणजे वजाबाकीचा खटाटोप फुकट, आणि अ‍ॅन्कोव्हाचा त्याच्या 75 टक्के. त्यामुळे बेसलाइन अगदी जुळलेली असली तरी ते वापरावं, आणि आधी बेसलाइनवर टी-टेस्ट लावून 'सिग्निफिकंट आला तरच अ‍ॅडजस्ट करू' असं ठरवणं चूक. कशावर अ‍ॅडजस्ट करायचं ते आकडे बघायच्या आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवायचं. आर या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये एवढंच लागतं:

```
lm(followup ~ baseline + group, data = d)
```

मजा म्हणजे followup च्या जागी बदल टाकला आणि baseline तसाच ठेवला तर ग्रुपचा आकडा तोच येतो, फक्त बेसलाइनचा स्लोप 1 ने कमी होतो, इथे 0.71 चा -0.29. त्यामुळे ज्यांना 'बदल'च रिपोर्ट करायचाय त्यांनी खुशाल करावा, बेसलाइन मॉडेलमध्ये असली की झालं.

मात्र या इतिहासात एक काटा आहे, 1967 चा लॉर्डचा पॅराडॉक्स. फ्रेडरिक लॉर्डने कल्पना केली की विद्यापीठाच्या मेसमधल्या जेवणाचा मुलामुलींच्या वजनावर काय परिणाम होतो ते बघायचंय. सप्टेंबर आणि जूनमध्ये वजन घेतलं, मुलांची सरासरी जिथल्या तिथे, मुलींचीही जिथल्या तिथे. एक स्टॅटिस्टिशियन म्हणतो काहीच फरक नाही. दुसरा अ‍ॅन्कोव्हा लावतो आणि म्हणतो, सारख्याच वजनापासून सुरुवात केलेल्यांत मुलांचं वजन मुलींपेक्षा जास्त वाढलं. गणित दोघांचंही बरोबर! इथे ग्रुप चिठ्ठीने पडलेले नाहीत, आणि दोघांच्या सरासऱ्या मुळातच वेगळ्या, प्रत्येक जण सरकतो तो आपापल्या ग्रुपच्या सरासरीकडे. शिवाय वेगळं जेवण घेणारा ग्रुप तुलनेला नाहीच. कुठलं उत्तर धरायचं ते आकडे सांगू शकत नाहीत, ते गृहीतकांवर ठरतं. रँडमाइज्ड ट्रायलमध्ये हा पेच येत नाही, कारण बेसलाइनला दिसलेला फरक हा चिठ्ठीचाच खेळ असतो.

छोट्या ट्रायलमध्ये आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. बेसलाइन उपचार सुरू व्हायच्या आधीच मोजलेली असली पाहिजे, नाहीतर अ‍ॅडजस्ट करताना उपचाराचाच काही भाग वजा होऊन जातो. आणि अ‍ॅडजस्ट करायला घेतलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे कोव्हेरिएट, एक डिग्री ऑफ फ्रीडम खाते, 52 जणांत एक-दोन परवडतात, पण वय, वजन, आजाराची वर्षं असं सगळंच कोंबलं की स्लोपच डळमळायला लागतात. दोन्ही ग्रुपचे बिंदू एकाच आलेखावर काढून रेषा साधारण समांतर जातात का ते डोळ्यांनी बघावं, उपचाराचा फायदा फक्त वाईट सुरुवात असलेल्यांनाच होत असेल तर 12.7 सारखा एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही.