जाड पट्टा, पण गाळात

"मॅडम, पट्टा केवढा जाड आलाय बघा!" माझ्या विद्यार्थिनीनं प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणारं जेल उजेडासमोर धरलं. बडोद्यातला मे महिना, बाहेर बेचाळीस अंश, आणि तिचा चेहरा मात्र फुललेला. मातीतल्या एका जिवाणूचं ३५ किलोडाल्टनचं एस्टरेज, म्हणजे एस्टर बंध तोडणारं एन्झाइम, ती ई. कोलाय या जिवाणूकडून बनवून घेत होती. मी विचारलं, "पेशी फोडून पाहिल्यास का?" अजून फोडल्या नव्हत्या.

संध्याकाळी तिनं पेशी सोनिकेटरनं फोडल्या आणि १२,००० जी वर वीस मिनिटं फिरवल्या. वरच्या नितळ द्रवात आमचं प्रथिन जवळजवळ नव्हतंच. सगळं तळाच्या गाळात गेलं होतं.

अशा वेळी पेशी नीट फुटल्याच नसतील, अशी शंका आधी घ्यावी. पेशी अख्ख्या राहिल्या असत्या तर गाळात ई. कोलायच्या शेकडो प्रथिनांची पूर्ण शिडी दिसली असती. इथे ती शिडी वरच्या द्रवात होती आणि गाळात एकच ठसठशीत पट्टा. म्हणजे या इन्क्लुजन बॉडीच, चुकीची घडी पडलेल्या प्रथिनाचे घट्ट कण.

हे का झालं ते कळायला, उत्पादन सुरू करण्यासाठी कल्चरमध्ये घातलेल्या आयपीटीजी या रसायनाचं काम पाहायला हवं. लॅक्टोज नसताना ई. कोलायमध्ये लॅक रिप्रेसर नावाचं प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसतं आणि लॅक्टोज पचवणारी जनुकं बंद ठेवतं. लॅक्टोज आलं की त्यापासून बनलेला अ‍ॅलोलॅक्टोज रिप्रेसरला चिकटतो आणि त्याची डीएनएवरची पकड सुटते. आयपीटीजी या अ‍ॅलोलॅक्टोजसारखंच वागतं, पण त्यात एका ऑक्सिजनच्या जागी गंधक असल्यामुळे पेशीतल्या एन्झाइमला ते तोडता येत नाही. एकदा टाकलं की ते खर्ची पडत नाही, इशारा चालूच राहतो.

आम्ही वापरलेल्या बीएल२१ (डीई३) जातीत हेच कुलूप टी७ विषाणूच्या आरएनए पॉलिमरेजच्या जनुकाला लावलेलं असतं. आपलं जनुक हेच पॉलिमरेज वाचतं, आणि ते जिवाणूच्या स्वतःच्या पॉलिमरेजपेक्षा कितीतरी जलद धावतं. आयपीटीजी टाकताच आपल्या जनुकाच्या संदेशांचा पूर येतो आणि रायबोसोम त्याच कामाला जुंपले जातात.

साखळी तयार होणं म्हणजे काम झालं असं नव्हे, तिची घडी पडावी लागते. पाण्याला टाळणारे, तेलकट म्हणता येतील असे भाग घडीच्या आत लपतात. अर्धवट घडीत ते उघडे असतात, आणि शेजारी तशीच अर्धी साखळी असली तर दोघी एकमेकींना चिकटतात, आमटीवरचे तेलाचे थेंब एकत्र यावेत तशा. एरवी शॅपेरोन प्रथिनं अशा साखळ्यांना सांभाळून घेतात, पण त्यांची संख्या मर्यादित. पूर आला की ती अपुरी पडतात.

तिनं ५०० मिली कल्चर ३७ अंशांवर ओडी, म्हणजे पेशींमुळे येणाऱ्या गढूळपणाचं माप, ०.६ होईपर्यंत वाढवून १ मोलरच्या आयपीटीजीचे ५०० मायक्रोलिटर घातले होते, म्हणजे १ मिलिमोलर, आणि चार तास ठेवलं होतं. यात काही चूक नाही, पुष्कळ प्रथिनं अशीच उत्तम मिळतात. या एस्टरेजला मात्र तो वेग झेपला नाही.

वेग कमी करायला गारवा हवा, पण आमच्या शेकरला फक्त हीटर आहे, थंड करायची सोय नाही. म्हणून तिनं आधी आयपीटीजीच दहापट कमी केलं. फरक नगण्य. याचंही कारण आहे: या जातीत आयपीटीजी आत ओढून घेणारं परमिएज असतं, त्यामुळे डोस घटवला की उत्पादन नळासारखं हळूहळू कमी होईलच असं नाही. तापमानाचा लगाम अधिक भरवशाचा. गारव्यात साखळ्या सावकाश बनतात आणि तेलकट भागांची एकमेकांची ओढही कमी होते.

"गाळ युरियात विरघळवू का?" तिनं विचारलं. तो मार्ग खरा आहे. ८ मोलर युरियात साखळ्या मोकळ्या होतात, मग युरिया हळूहळू काढून टाकत घडी पुन्हा पाडायची. ज्या प्रथिनांना घडीसाठी गंधकाचे दुवे लागतात त्यांना ई. कोलायच्या आत ते सहसा नीट जुळवता येत नाहीत, आणि नुसत्या गारव्यानं ती अडचण सुटत नाही. तिथे युरियाचा मार्ग कामी येतो. पण परत घडी पाडताना बराच माल वाया जातो, आणि आमच्या एस्टरेजला असे दुवे नव्हतेच. मी म्हटलं, आधी गारवा.

शेजारच्या प्रयोगशाळेतला थंड होणारा शेकर रात्रीपुरता मिळाला. तिनं फ्लास्क बर्फाच्या पाण्यात वीसेक मिनिटं निववला, मगच ०.१ मिलिमोलर आयपीटीजी घातलं आणि १८ अंशांवर सोळा तास ठेवलं. फ्लास्क कोमट असतानाच आयपीटीजी घातलं तर थंड होईपर्यंत गाळ साचायला सुरुवात झालेली असते.

या वेळी एकूण पट्टा पहिल्यापेक्षा बारीक होता, पण जवळजवळ अर्धा वरच्या द्रवात. तिनं त्यात पॅरानायट्रोफेनिल ब्युटिरेट मिसळलं. एस्टरेजनं ते तोडलं की पिवळा रंग येतो. आयपीटीजी न घातलेल्या पेशींचा द्रवही शेजारी ठेवला होता, कारण ई. कोलायची स्वतःची एस्टरेजं थोडा रंग आणतातच. ती नळी फिकट राहिली. आमची मिनिटाभरात हळदीसारखी पिवळी झाली.