बोअर खोल नेणे की शेततळे खोदणे : पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात बोअर आधी आले ते पिण्याच्या पाण्यासाठी. 1972 च्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या आणि हवेच्या दाबाने हॅमर चालवणाऱ्या रिग गावोगाव फिरू लागल्या. साठेक मीटरचे भोक आणि वर हातपंप, एवढाच त्यांचा आवाका होता. वीज आणि सबमर्सिबल पंप आल्यावर तेच तंत्र शेतीत उतरले, आणि बागायत वाढली तशी खोलीही वाढत गेली.

आपल्या बहुतेक भागाखाली बेसॉल्ट आहे. वरचा मुरूम आणि मांजऱ्या खडक पाणी धरतात, पण तेही शंभर भाग खडकात एक ते तीन भागच. त्याखालच्या काळ्या पाषाणात पाणी असते ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. ते दरवर्षी पावसाने भरेलच असे नाही. म्हणून आटलेली बोअर खोल नेण्याआधी एक गोष्ट तपासावी: पावसाळ्यानंतर तिची पातळी वर येते का? येत असेल, तर तिचे पाणी वरच्या थराचे आहे आणि उन्हाळ्यात तो थर रिकामा होतो. खाली शंभर मीटर आणखी गेल्याने तो थर मोठा होत नाही. उलट खाली कोरडी भेग लागली, तर वरचे पाणी तिच्यात उतरून जाते.

खोल नेण्याचे काम दिसते तितके सरळ नाही. पंप आणि पाइप बाहेर काढून जुन्या भोकातून हॅमर उतरवावा लागतो. केसिंग म्हणजे भोकाच्या वरच्या भागात बसवलेला पाइप; त्याच्या आतला व्यास हॅमरच्या टोकाच्या बिटपेक्षा कमी असेल तर काम तिथेच थांबते. केसिंगखालचा सैल भाग ढासळून वरून खडे पडले, की हॅमर अडकतो आणि कधी रॉडसकट आतच राहतो. पाणी लागले तरी पंप बदलावा लागतो. 60 मीटरऐवजी 180 मीटरवरून पाणी उचलायचे, तर त्याच ताकदीत साधारण एक तृतीयांशच पाणी मिळते.

कायद्याने याला चौकट घातली आहे. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नव्या विहिरीला परवानगी लागू झाली. 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटर किंवा त्याहून खोल विहीर ‘खोल विहीर’ ठरवून शेतीसाठी तिला मनाई केली. शेतात तीनशे मीटरच्या बोअर दिसतात, यावरून पालन किती झाले ते कळते.

शेततळ्याचा मूळ हेतू वेगळा होता. शेतातून वाहून जाणारे पाणी इनलेटमधून आत घ्यायचे, जास्तीचे सांडव्याने सोडायचे, आणि पाऊस ओढ देईल तेव्हा एकदोन संरक्षित पाणी द्यायचे. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील सर्वांत मोठे तळे 30 × 30 × 3 मीटरचे. द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यात मात्र त्याआधीच तळ्यात 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरून विहीर-बोअरच्या पाण्याने ते भरायची पद्धत रुळली होती. खरा वाद इथेच आहे.

हिशेब मांडून पाहू. काठांचा उतार एकास एक धरला तर योजनेतल्या त्या सर्वांत मोठ्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर मावते. बोअर तासाला 5,000 लिटर देते आणि वीज आठ तास मिळते, असे धरले तर ते भरायला 55 दिवस लागतात. थर शंभरात दोन भाग पाणी देतो असे धरल्यास, एवढे पाणी काढल्यावर पाच हेक्टरांखालची पातळी दोन मीटरहून अधिक उतरते. त्या पाच हेक्टरांत शेजाऱ्याची विहीरही असते. शिवाय उघड्यावरचे पाणी उडून जाते. फेब्रुवारी ते मे दिवसाला 7 मिलिमीटर धरले, तर भरलेल्या 900 चौरस मीटरवरून रोज 6,300 लिटर उडते. पातळी उतरेल तसा हा आकडा कमी होतो, तरी हंगामात चारपाच लाख लिटर सहज जातात. जमिनीखाली ते उडाले नसते.

बागायतदार याला उत्तर देतो की मी उपसले नाही तर शेजारी उपसेल, आणि एप्रिलमध्ये माझी बाग वाळेल. हे भय खरे आहे, पण त्याने साठा वाढत नाही. कागदाचे तळे पूर्णपणे समर्थनीय ठरते ते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओढा वाहत असताना किंवा विहीर काठोकाठ असताना भरले तर. डिसेंबरमध्ये बोअरने भरलेले तळे म्हणजे सामायिक पाणी एका कुंपणात आणणे.

जिथे इनलेटने भरायचे आहे तिथे कागद नसेल तर काळी, चिकण माती पाहूनच जागा निवडावी. मुरमाच्या जमिनीत पाणी आठवड्यात मुरते. तेही वाया जात नाही, खालच्या विहिरीला मिळते, पण पिकाला द्यायला तळ्यात उरत नाही. इनलेटच्या आधी दोन मीटरचा गाळखड्डा हवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत तळे गाळाने निम्मे भरते. कागद टाकला असेल तर काठावर चर खणून तो मातीत पुरावा आणि उतारावरचे खडे वेचून घ्यावेत, कारण पहिले भोक बहुतेक वेळा तिथेच पडते. निसरड्या कागदावरून माणूस किंवा जनावर वर येऊ शकत नाही. म्हणून कुंपण आणि आत सोडलेला गाठींचा दोर पहिल्या दिवसापासून असावा.