पाळी नसताना डाग लागतात? गोळ्या घेण्याआधी एकदा तपासून घ्या

आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "पाळी येऊन गेली, तरी मधेच डाग लागतात, संबंध आल्यावर तर हमखास. पिशवी काढावी लागेल का?" पुष्कळदा कारण असतं पिशवीच्या तोंडावरचा कोंब, म्हणजे पॉलिप. मऊ, लालसर, देठाला लोंबणारा. ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, कधी बोराएवढा. त्याला धक्का लागला की रक्त येतं. चाळिशी-पन्नाशीच्या, बाळंतपणं झालेल्या बायांत तो जास्त दिसतो.

चूक होते ती इथंच. मेडिकलमधून रक्त थांबवायच्या गोळ्या आणल्या जातात. या हार्मोनच्या गोळ्यांनी कोंब गळत नाही. गोळी बंद केली की पुन्हा रक्त जातं, आणि मग ते गोळीमुळं की कोंबामुळं, हे आम्हालाही लवकर कळत नाही. वेचणीच्या हंगामात आलेल्या एका बेचाळीस वर्षांच्या ताईंनी अशा गोळ्या पाच महिने खाल्ल्या होत्या. सोनोग्राफीही चांगली होती, कारण एवढा लहान कोंब सोनोग्राफीत सहज सुटून जातो. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहायचं साधन, लावून पाहिलं तर तो समोरच दिसला.

काढायला भूल बहुधा लागत नाही. चिमट्यानं देठ बुडाशी धरून हळूहळू एकाच दिशेनं पिळत न्यायचा, की कोंब सुटून येतो. पाळीत येतात तशी कळ येते, काही मिनिटांत काम होतं. रक्त राहिलंच तर तिथं औषध लावतो. देठ जाड असेल किंवा कोंब पिशवीच्या आतून आलेला असेल, तर मात्र आम्ही ओढत नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवतो. नुसत्या कोंबासाठी पिशवी काढायची गरज नसते.

"तुकडा लॅबला कशाला, खर्च वाढतो" असं घरचे म्हणतात. कोंब बहुतेक साधाच निघतो. पण क्वचित कर्करोग त्याच रूपात असतो, आणि डोळ्यांनी तो ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा आम्ही फॉर्मालिनच्या बाटलीत घालून पाठवतोच. पाळी कायमची गेलेल्या बाईला रक्त दिसलं, तर कोंब सापडला तरी पिशवीच्या आतली तपासणीही करायला सांगतो.

नंतर एक-दोन दिवस डाग लागतील. आठवडाभर संबंध टाळा. पॅड भरभरून रक्त, ताप किंवा घाण वास आला, तर त्याच दिवशी या.

पाळी संपल्यावर लगेच आलात तर सोपं जातं. दिवस राहिल्याची शंका असेल तर आधी सांगा. तपासणी स्त्री डॉक्टर करतात, आणि कोंब बारीक देठाचा असेल तर तो त्याच भेटीत निघतो, शहराची फेरी वाचते. घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं तेवढी सोबत आणा.