रोज 2,000 की महिना 45,000? दर ठरवण्याआधी हा हिशेब करा

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांसाठी डिझाइन, प्रोग्रॅमिंग, क्वालिटी अशी कामं स्वतःच्या बिलावर करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्यांचा पीएफ-ईएसआयचा हिशेब वेगळा असतो, तो इथे घेतलेला नाही.

समजा, एका कास्टिंग डिझायनरला कायम नोकरीत महिना 45,000 मिळतात. दुसरा कारखाना म्हणतो, "रोज 2,000 देतो, बिल टाका." तो लगेच 26 ने गुणतो, 52,000 येतात आणि महिन्याला 7,000 जास्त सुटले असं वाटतं. गोची त्या 26 मध्येच आहे. पगारात सुट्टीचे पैसे असतात, रोजात नसतात.

म्हणून महिना सोडा, वर्ष धरा. 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या गेल्या की 313 उरतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 सणाच्या पगारी सुट्ट्या आहेत, 8 किरकोळ रजा आहेत आणि मागच्या वर्षी 240 दिवस भरले असतील तर दर 20 दिवसांमागे एक अर्जित रजा आहे, म्हणजे साधारण 14. कारखान्यांना वेगळा कायदा लागतो, पण तुलनेसाठी हे माप चालतं. या 30 सुट्ट्या वजा केल्या की 283 राहतात. कायम माणूस या दिवशी जोतिबाला जातो, पोराच्या तापाला घरी थांबतो आणि पगार पुरा घेतो. रोजावाल्याचं त्या दिवसाचं बिलच होत नाही.

त्यापुढे बिनकामाचे दिवस येतात. कंत्राट संपून नवीन पीओ यायला आठवडा जातो, दिवाळीत प्लांट जास्त दिवस बंद राहतो. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. आम्ही 13 दिवस धरतो. उरले 270.

आता 270 गुणिले 2,000 म्हणजे 5,40,000. बारानं भागा, बरोबर 45,000! वरचे 7,000 कुठेच नाहीत.

आणि नोकरीतली बाकीची रक्कम अजून मोजायचीच आहे. या डिझायनरचा बेसिक 22,500 आहे. त्यावर मालकाचा पीएफ 12 टक्क्यांनी वर्षाला 32,400. ग्रॅच्युइटी दर वर्षामागे 15 दिवसांची, म्हणजे 22,500 भागिले 26 गुणिले 15, साधारण 12,980. कंपनीच्या मेडिक्लेमऐवजी घरच्यांची पॉलिसी स्वतः काढायची तर 20,000 धरू. दिवाळीला एक बेसिक मिळतो, ते 22,500. शिवाय स्वतःचा लॅपटॉप, सॉफ्टवेअर आणि हिशेबाची फी मिळून 18,000. पगारासकट बेरीज 6,45,880. याला 270 ने भागलं की 2,392 येतात. म्हणजे 2,400 च्या खालचा रोज हा नोकरीपेक्षा कमी पगार आहे.

यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. ऑफर लेटरवरचे 45,000 हे सीटीसी असतील तर मालकाचा पीएफ, आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही, त्यातच असते. ती पुन्हा मिळवू नका. तसंच रजा आपण दिवसांतून वजा केल्या आहेत, म्हणून रजेचे पैसे वेगळे जोडायचे नाहीत. शिवाय काही कारखाने पीएफ 15,000 च्या मर्यादेवरच भरतात. तिथे 32,400 ऐवजी 21,600 धरा.

ग्रॅच्युइटीला साधारणपणे पाच वर्षांची सलग नोकरी लागते. तीन वर्षांत सोडायचंच ठरवलं असेल तर ती रक्कम काढून टाका; रोज 2,344 वर येतो. फार फरक पडत नाही. दिवसांचा आकडा मात्र सगळं हलवतो. त्याच बेरजेला 240 दिवस धरले तर 2,691 लागतात, 290 धरले तर 2,227 पुरतात. सहा महिन्यांचं पक्कं पत्र देणाऱ्याला थोडा कमी दर चालेल, "लागेल तसं बोलवू" म्हणणाऱ्याला नाही.

आयकराची भीती इथे बाळगू नका. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नाला कर शून्य आहे, त्यामुळे या पातळीवर दोन्हीकडे सारखंच. टीडीएस हा खर्च नाही, पण पैसे अडकतात. व्यावसायिक फी म्हणून 10 टक्के कापले तर 5,40,000 वर 54,000 रिटर्न भरून परतावा येईपर्यंत हाताबाहेर राहतात. तेवढी शिल्लक बाजूला असेल तरच रोजावर जा.

तुमचा आकडा काढायला येताना ऑफर लेटर, शेवटच्या तीन पगार स्लिपा आणि मागच्या वर्षी किती दिवसांचं बिल झालं त्याचा कागद आणा. बिलं नसतील तर गेटवरच्या हजेरीची प्रत चालेल.