शब्दांविना प्रवासाचा व्हिडिओ: क्लिपला क्लिप जुळेल असे प्रॉम्प्ट

मजकुरावरून व्हिडिओ करणारं मॉडेल वेगळ्या प्रॉम्प्टची प्रत्येक क्लिप नव्यानं घडवतं. आधीच्या क्लिपमध्ये सूर्य कुठे होता, गाडी कुणीकडे चालली होती, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सुटी क्लिप देखणी असते, पण जोडल्यावर प्रवास वाटत नाही. निवेदन नसल्यामुळे सगळा सलगपणा उजेड आणि गती यांनाच सांभाळावा लागतो.

मॉडेलकडे प्रॉम्प्ट पाठवण्याआधी दोन गोष्टी ठरवा: दिवस कुठून कुठे सरकणार आणि प्रवास पडद्यावर कोणत्या बाजूला जाणार. समजा पहाट ते तिन्हीसांज, डावीकडून उजवीकडे.

पहिली क्लिप: ‘पहाट, धुक्यातला निळसर उजेड. धावत्या रेल्वेच्या खिडकीतून दिसणारी शेतं उजवीकडून डावीकडे सरकतात. कॅमेरा स्थिर. शेवटी बोगदा, पूर्ण अंधार.’ इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. गाडी उजवीकडे चालली की बाहेरची शेतं डावीकडे पळतात, म्हणून दिशा शेतांचीच लिहायची.

दुसरी: ‘सुरुवातीला पूर्ण अंधार. कॅमेरा सावकाश पुढे जात कमानीखालून भर दुपारच्या उन्हात येतो. डोंगरातला रस्ता, आखूड सावल्या.’ दोन्ही अंधार एकमेकांना जोडले की सांधा दिसत नाही. ‘सुंदर ट्रान्झिशन’ असं लिहून काही साधत नाही. सांधा संकलनात बसतो, प्रॉम्प्टनं फक्त त्याची दोन टोकं तयार ठेवायची.

तिसरी: ‘उतरतं सोनेरी ऊन डावीकडून. रिकामी होडी उजवीकडे वाहते, लांब सावली पाण्यावर. कॅमेरा स्थिर.’ मूडसाठी ‘उदास’ हा शब्द टाकला तर मॉडेल बहुधा रडवेला चेहरा आणून ठेवतं. रिकामी होडी आणि संथ पाणी तेच काम नेमकेपणानं करतात. चौथ्या क्लिपला निळी तिन्हीसांज आणि दूरवरचे दिवे पुरेत.

एका प्रॉम्प्टमध्ये कॅमेऱ्याची एकच हालचाल ठेवा. पुढे जाणं आणि वळणं एकत्र मागितलं की कडेच्या भिंती, झाडं वितळल्यासारखी वाकतात.

इतकं लिहूनही डावं-उजवं हमखास पाळलं जाईल असं नाही. दिशा चुकली तर क्लिप आडवी उलटवता येते, पण चित्रात पाटी असेल तर तिच्यावरची अक्षरंही उलटतात. शिवाय अशी अक्षरं मॉडेलकडून बऱ्याचदा विद्रूपच येतात, म्हणून पाट्या मुळातच नकोत. उलटवल्यावर उजेडाची बाजूही बदलते. तिसरी क्लिप उलटवली तर ऊन उजवीकडून येईल, तेव्हा मूळ प्रॉम्प्टमध्येच ऊन उजवीकडून आणि होडी डावीकडे वाहणारी मागून क्लिप पुन्हा करून घ्या आणि मग उलटवा.

शेवटची तपासणी अशी: एका क्लिपची अखेरची चौकट आणि पुढचीची पहिली चौकट शेजारी ठेवून पाहा. सावल्यांची लांबी किंवा उजेडाचा रंग कारणाशिवाय उडी मारत असेल, तर त्या दोघींपैकी एकीचा प्रॉम्प्ट बदलून पाठवा.